एकच डोंगर, आठ दिवस



गेल्या महिन्यात मंदिरात भेटलेल्या प्रत्येकीने एकच विचारलं, "काय हो, शिखरजी करून आलात म्हणे, सगळी वंदना झाली का?" प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगणं होईना, म्हणून आज बसून लिहिते. सगळी झाली नाही. का झाली नाही आणि जे झालं ते कसं झालं, हे पैशाच्या हिशेबासकट सांगते. बी.कॉम. केलेल्या बाईला हिशेबाशिवाय गोष्ट सांगता येत नाही.

लहानपणी आमच्या गावच्या मंदिरात उजव्या भिंतीवर सम्मेदशिखरचा रंगवलेला पट होता. हिरवा डोंगर, त्यावर नागमोडी पिवळी वाट आणि वाटेवर पांढऱ्या टोंका. आई पूजेला बसली की मी त्या वाटेवरून बोट फिरवत वर जायची. चोवीसपैकी वीस तीर्थंकर इथून मोक्षाला गेले, हे पाठ झालं होतं. एक टोंक मात्र बाकीच्यांपासून लांब, एकटंच एका कोपऱ्यात होतं, चंद्रप्रभूंचं. तिथवर बोट पोचायचं नाही म्हणून मी टाचा उंच करायची. उपाध्ये ओरडायचे, "बोट लावू नकोस गं, रंग उडतो."

लग्न झालं ते साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नोकरी करणाऱ्यांशी. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कारखान्याची नोकरी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शिखरजीला जायचा चांगला काळ म्हणजे थंडीचा, आणि गळीत हंगामही नेमका थंडीतच. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की मार्च उजाडेपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही. उन्हाळ्यात तिकडे ऊन सोसत नाही, पावसाळ्यात वाट निसरडी. अशी पस्तीस वर्षं गेली. हे 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या 2023 च्या शेवटी गेल्या. वर्षश्राद्धासारखं आपल्यात काही नसलं तरी वर्षभर माझंच मन कुठे निघेना. त्यांनाही शिखरजी राहिलंच होतं.

मग 2024 मध्ये ठरवलं, पुढच्या फेब्रुवारीत जायचंच. तेव्हा यांचं वय त्रेसष्ट, माझं एकसष्ट. यांना अकरा वर्षांपासून साखर, माझे दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त.

पहिला वाद प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकावरून झाला. बारा दिवसांत शिखरजी, चंपापुरी, पावापुरी, राजगीर, कुंडलपूर, वाराणसी, माणशी अडतीस हजार. हे म्हणाले, "एकदाच जाणार आहोत, तर सगळंच बघून घेऊ. दोन लाखांची एक ठेव मोडू." मी ते पत्रक घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले आणि प्रत्येक दिवसापुढे बसमधले तास लिहिले. शिखरजीला एकच पूर्ण दिवस होता. आदल्या रात्री उशिरा पोचायचं, पहाटे चढायचं, संध्याकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बस सुटणार. सत्तावीस किलोमीटरच्या वंदनेनंतर माझे गुडघे सकाळी सातला बसच्या पायऱ्या चढतील, हे यांनाही पटेना.

ठेव मोडायला माझा विरोध वेगळ्या कारणाने होता. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे राहिले तितक्याच मुदतीचा दर मिळतो, वर दंड कापतात, ते एक वेळ सोसलं असतं. पण आमची गुजराण व्याजावर आहे. कारखान्याच्या नोकरीची पीएफची पेन्शन महिना अठ्ठावीसशे येते. ग्रॅच्युइटी आणि फंडातले पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. 8.2 टक्क्यांनी त्याचे तीन महिन्याला 30,750 रुपये येतात. पोस्टाचं मासिक व्याज आणि खालच्या गाळ्याचं भाडं धरून घर चालतं. दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ताच वर्षाला बावन्न हजार आहे आणि तो दर वर्षी वाढतोय. अशा घरात मुद्दल मोडलं की ते पुन्हा भरून येत नाही. पगार होता तेव्हा मोडलेली ठेव पुढच्या बोनसला भरली जायची. आता बोनस कुठला?

म्हणून मी एक साधा नियम घातला. यात्रा व्याजातून करायची, मुद्दलाला हात लावायचा नाही. बँकेत महिना पाच हजारांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव काढली. त्या वर्षी नवीन साडी नाही, यांचा मोबाईल तोच, दिवाळीचा फराळ घरचाच. वर्षअखेर हातात व्याजासकट बासष्ट हजार आले. यांनी जेवढ्यात बसेल तेवढंच करायचं. मुलाने पुण्याहून फोन करून "मी देतो ना आई" म्हटलं. त्याचे घराचे हप्ते मला माहीत आहेत. त्याला म्हटलं, "तू आम्हाला स्टेशनवर घ्यायला ये, तेवढं कर."

बासष्ट हजारांत सहा ठिकाणं बसत नव्हती, पण एक ठिकाण निवांत बसत होतं. आणि एकच ठिकाण करायचं हे ठरवलं ते गाडीने. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस मिरजेत थांबते आणि पारसनाथ स्टेशनला उतरवते. मध्ये गाडी बदलायची नाही, सामान उचलायचं नाही. पण ती आठवड्यातून एकदाच. त्याच आठवड्याची परतीची गाडी धरली तर हातात जेमतेम दिवस मिळतो. पुढच्या आठवड्याची धरली तर आठ दिवस मधुबनलाच राहावं लागतं. हे म्हणाले, "आठ दिवस एका गावात काय करणार?" मी म्हटलं, "दोन दिवस चढायच्या आधी विसावा, एक दिवस वंदना, मग पाय पूर्ववत होईपर्यंत विसावा." हेच आमचं वेळापत्रक.

तिकिटाबद्दल एक सांगते, कारण अनेकींना माहीत नसतं. ज्येष्ठांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. पण खालच्या बर्थचा कोटा अजून आहे, पुरुषांना साठच्या पुढे आणि आपल्याला पंचेचाळीसच्या पुढे. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो. जाऊबाई आणि भाऊजी सोबत येणार होते तेव्हा चौघांचं एकत्र तिकीट काढायचं म्हणत होते. मी दोन वेगळी तिकिटं काढायला लावली. पुढे भाऊजींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते दोघं आलेच नाहीत, पण आम्हाला दोन्ही बर्थ खालचे मिळाले. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघंही फोन घेऊन बसलो होतो.

आता तब्येतीची तयारी. मधुबनपासून वर नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटर फेरी आणि परत नऊ किलोमीटर उतार. पारसनाथचा डोंगर 1,365 मीटर उंच आहे, झारखंडातला सर्वांत उंच. पायथा सोडून चढ साधारण हजार मीटरचा धरला. आमच्या इमारतीचा एक मजला तीन मीटर. म्हणजे तीनशे तीस मजले! हा आकडा मी यांना सांगितला तेव्हा ते वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले.

नोव्हेंबरपासून आम्ही सराव सुरू केला. रोज सकाळी सपाटीवर चार किलोमीटर आणि पंधरा दिवसांतून एकदा कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर. तिथे कळलं की माझी अडचण चढण्यात नाही, उतरण्यात आहे. चढताना दम लागायचा, थांबले की जायचा. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला अख्ख्या शरीराचं वजन वाकलेल्या गुडघ्यावर आदळतं. घरी येऊन उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजायचा. डॉक्टरांनी सांगितलेली खूण मी लक्षात ठेवली. चालताना दुखलं आणि रात्रीत थांबलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सूज राहिली तर तेवढं अंतर तुमचं नाही. बाहुबलीला एकदा चढ-उतार केला तर सूज राहायची नाही, दोनदा केला तर राहायची. मग शिखरजीचा उतार आपल्या पायांनी नाही, हे डिसेंबरातच ठरलं.

म्हणजे डोली. मैत्रिणींनो, हे लिहायला मला जड जातं. माणसाच्या खांद्यावर बसून तीर्थंकरांच्या चरणांशी जायचं? सासऱ्यांच्या पिढीने अनवाणी वंदना केली. आपण अहिंसेचं नाव घेतो आणि चार गरीब माणसांच्या खांद्यावर आपला भार टाकतो. मी हे चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "न जाण्याने त्या माणसाचं पोट भरणार आहे का?" आणि मग म्हणाल्या, "बसायचं तर वजन कमी करून बस, आणि मजुरीत घासाघीस करू नकोस." तीन महिन्यांत मी चार किलो कमी केले. त्याचं कारण गुडघे, असं सगळ्यांना सांगितलं. अर्धं कारण हे होतं.

यांचा प्रश्न निराळा होता. यांनी चालतच जायचं ठरवलं होतं आणि डोंगरावर अन्न घ्यायचं नाही असा नियमही. साखरेच्या माणसाने पहाटे तीनला उपाशी निघून दुपारपर्यंत चालायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. यांच्या रोजच्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत. एक मेटफॉर्मिन, त्याने एकट्याने साखर फारशी खाली जात नाही. दुसरं ग्लिमेपिराइड, ते पोटात अन्न असो नसो, साखर खाली ओढतंच. चालण्याने साखर आणखी उतरते. म्हणून त्या एका दिवशी एकत्र गोळी घ्यायची नाही. त्यासाठी डॉक्टरांनी नुसत्या मेटफॉर्मिनची वेगळी पट्टी लिहून दिली. सोबत ग्लुकोजची पूड आणि साखर मोजायचं यंत्र. माताजींनीही यांना सांगितलं होतं, नियम घ्या, पण औषधाची सूट ठेवून घ्या. पाय अनवाणी ठेवायचे नाहीत, साखरेच्या माणसाला तळव्याला काटा रुतलेला कळत नाही. म्हणून कातडं नसलेले कापडी बूट घेतले, टोंकेशी काढायचे आणि रात्री तळवे आरशात बघायचे.

खर्चाची वही इथे उघडते, आकडे एकदाच सांगते. जाऊन-येऊन थ्री एसीचं दोघांचं भाडं साडेदहा हजार, धर्मशाळा पाच हजार, जेवणखाण सहा, जीप-रिक्षा तीन, माझी डोली दहा, दान पाच, बूट-औषधं चार. साडेत्रेचाळीस हजार झाले. उरलेल्यातले पंधरा हजार वेगळ्या पाकिटात घातले आणि त्यावर "अडचण" असं लिहिलं. बाकीचे तीन-साडेतीन सुटे.

दोन रात्रींचा प्रवास सुखाचा झाला. दशम्या, शेंगपोळ्या, तिळाची चटणी आणि गाळून उकळलेलं पाणी घरून नेलं होतं. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून साडेपाचलाच डबे उघडले की समोरचं कुटुंब चकित व्हायचं. दर दोन तासांनी आम्ही दोघं डब्याच्या टोकापर्यंत चालून यायचो, नाहीतर माझे घोटे सुजतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पारसनाथ स्टेशनला उतरलो आणि जीपने मधुबनला गेलो. वळणावर डोंगर दिसला. पटावरचा हिरवा नव्हता, निळसर होता, आणि शेंड्यावर पार्श्वनाथांच्या टोंकेचं शिखर दिसत होतं. मी काहीच बोलले नाही. यांनी जीपवाल्याला थांबायला सांगितलं.

दोन दिवस आम्ही नुसतं मंदिरांत बसलो, सामायिक केलं, दुपारी झोपलो. आमच्या धर्मशाळेत एक मोठी सहल आली होती. रात्री अकराला पोचली, अडीचला उठून चढली, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली. त्यातली एक आजी व्हरांड्यात पायाला तेल चोळत मला म्हणाली, "काय पाहिलं म्हणाल तर पुढच्या माणसाची पाठ."

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पायथ्याशी डोलीसाठी वजन करतात आणि मजुरी वजनावर ठरते. तराजूवर उभं राहताना लाज वाटली, चौसष्ट किलो. चार जण ठरले. त्यांच्यातला वयाने मोठा माणूस म्हणाला, "बैठिए माताजी, भगवान का नाम लीजिए, बाकी हमारा काम है।" तो संथाळ होता. त्याने वाटेत सांगितलं की हा डोंगर त्यांचाही देव आहे, मरांग बुरू. चढावर त्यांचा श्वास मला ऐकू येत होता आणि णमोकार म्हणताना माझं लक्ष त्या श्वासावरच जात होतं. खरं तेच लिहिते. अवघड वळणांवर दोनदा उतरून मी काठी टेकत चालले. तिसऱ्यांदा त्यांनीच उतरू दिलं नाही. म्हणाले, थांबत-थांबत गेलं तर खांदे जास्त दुखतात.

हे डोलीच्या मागेपुढे चालत होते. गंधर्व नाला गेला, सीता नाला गेला. साडेसातला आम्ही गौतम गणधरांच्या टोंकेशी पोचलो. उजाडलं होतं, खाली ढग होते. तिथून पुढची फेरी मी पायांनीच करायची असं ठरलं होतं, डोली मागून रिकामी येणार. कुंथुनाथांच्या चरणांवर डोकं टेकलं तेव्हा गार दगडाचा स्पर्श झाला आणि रडू आलं. मग एकेक टोंक, तांदळाचे पुंज, अर्घ्य. पहिला तास-दीड तास इतका सुंदर गेला की मी गुडघा विसरले.

सव्वानऊच्या सुमाराला, चंद्रप्रभूंच्या टोंकेकडे जाणारी लांबची वाट जिथे समोर दिसू लागते तिथे, हे डोलीवाल्यांवर चिडले. कारण काहीच नव्हतं. यांना मी चाळीस वर्षं ओळखते, परक्या माणसाशी हे आवाज चढवत नाहीत. मी जवळ जाऊन हात धरला. हात गार आणि ओला. थंडीत कपाळावर घामाचे थेंब. "बसा," म्हटलं, तर म्हणतात, "मला काही झालेलं नाही, तू चल." हे असंच होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. साखर उतरलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही, तो भांडतो. बळेच बसवून बोटाला सुई लावली. बासष्ट.

सत्तरच्या खाली गेली की वाट बघायची नाही. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं. यांनी तोंड फिरवलं, "नियम आहे." मी म्हटलं, "औषधाची सूट ठेवून घेतलाय नियम. हे औषध आहे." प्यायले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसलो, पुन्हा मोजली, एकोणऐंशी. आणखी थोडं दिलं. पण त्या गोळीचा असर दिवसभर राहतो, एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून दर तासाला मोजायचं ठरवलं.

पण गोळी तर दिलीच नव्हती ना? पिशवीतला गोळ्यांचा डबा उघडला आणि माझेच हातपाय गार झाले. सात दिवसांच्या खणांचा तो डबा मी मिरजेत, निघायच्या आदल्या रात्री, सवयीने भरला होता. त्या दिवसाच्या खणातही रोजचीच एकत्र गोळी. मेटफॉर्मिनची वेगळी पट्टी पिशवीच्या तळाशी तशीच होती. पहाटे अडीचला अर्धवट झोपेत यांनी खण उघडून गोळी घेतली, आणि मी पाणी दिलं. तीन महिने तयारी केली, आणि चूक माझ्याच हाताने झाली. तेव्हापासून मी वेगळ्या दिवसाची गोळी डब्यात भरतच नाही. कागदात गुंडाळून त्यावर तारीख लिहिते आणि त्या दिवसाचा खण रिकामा ठेवते. रिकामा खण बघून माणूस थांबतो आणि विचारतो.

आता पुढे काय? चंद्रप्रभूंची वाट समोर होती. लांब, खाली उतरून पुन्हा उभा चढ. मी एकटीने जायचं आणि यांना इथे बसवायचं? हे म्हणाले, "तू जा, मी बसतो." डोलीतल्या त्या मोठ्या माणसाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी टोंकेकडे तोंड करून तिथूनच नमस्कार केला. यांना माझ्या डोलीत बसवलं. यांचं वजन शहात्तर, म्हणून मी आपणहून मजुरी वाढवून दिली. मी काठी घेऊन मागून चालले.

जल मंदिरापाशी बराच वेळ बसलो. साखर शंभराच्या वर आली होती. मग जमतील तेवढ्या टोंका करत पार्श्वनाथांच्या टोंकेला गेलो. तिथल्या पायऱ्या हे स्वतः चढले, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून. आत भगवानांच्या चरणांशी दोघं शेजारी बसलो. हे म्हणाले, "आईचंही नाव घे." मी आधीच घेतलं होतं.

उतरायचा प्रश्न उरला. एक डोली आणि दोन माणसं. यांना चालू द्यायचं नव्हतं, आणि माझा गुडघा तोवर भरल्यासारखा जड झाला होता. डोलीवाल्यांनी ओळखीच्या माणसांना निरोप दिला, तासाभरात खालून दुसरी डोली आली. अडचणीच्या पाकिटातून साडेचार हजार त्यांना, दीड हजार वाढीव पहिल्यांना. घासाघीस केली नाही. साडेचारला मधुबन. सूर्यास्ताआधी पारणं झालं.

पुढचे चार दिवस हातात होते. पाकिटात नऊ हजार शिल्लक होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे म्हणाले, "परवा पुन्हा डोली कर आणि चंद्रप्रभूंना जाऊन ये. मी खाली थांबतो, मला काही होत नाही. आता नाही गेलीस तर कधी?" मी रात्रभर जागीच होते. पैसे होते, दिवस होते. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवला आणि गुडघ्याकडे पाहिलं. तिसरा दिवस झाला तरी वाटीएवढी सूज तशीच होती. डोली टोंकेच्या पायथ्यापर्यंत नेईल, पण शेवटचा चढ-उतार थोडा तरी पायांवर येणारच, आणि पुढे दोन रात्रींची गाडी होती. गुडघा बिघडला तर शस्त्रक्रियेचा खर्च कुठून येणार, विमा किती देईल, घरी यांचं कोण करेल? मी नाही म्हटलं. यांनी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं. मग मंदिरात जाऊन बसले आणि पुष्कळ रडले. समाधान वगैरे काही वाटत नव्हतं, राग येत होता, स्वतःच्या गुडघ्याचा आणि त्या पस्तीस हंगामांचा.

उरलेले दिवस तसे चांगले गेले. हे रोज संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि डोंगराचा रंग कसा बदलतो ते मला सांगायचे. आठ दिवस एका गावात काय करणार, असं पुन्हा म्हणाले नाहीत. मिरजेत मुलगा घ्यायला आला होता. घरी येऊन वही मिटवली, एकंदर खर्च बावन्न हजार आठशे. उरलेले नऊ हजार दोनशे पुन्हा आवर्ती ठेवीच्या खात्यात गेले. गुडघ्याला पाच आठवडे लागले, अजून मांडी घालून बसता येत नाही.

गेल्या आठवड्यात माहेरच्या गावी गेले होते. मंदिरात उजव्या भिंतीवर तो पट अजून आहे, हिरवा रंग काळपट झालाय. आता टाचा उंच करायला लागत नाहीत. गौतम गणधर, कुंथुनाथ, तिथून पुढे आम्ही जिथे बसलो ती जागा अंदाजाने शोधली, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत बोट नेत होते तेवढ्यात मागून आवाज आला. जुन्या उपाध्यांचा नातू आहे तो, तोच आता पूजा करतो.

"काकी, बोट नका लावू," तो म्हणाला, "रंग उडतो."